अनुभव धागा: ट्रिपच्या जागांची एकच यादी सगळ्यांच्या मॅपवर

मालवणीमसाला: दिवाळीनंतर आमचं अख्खं खटलं मालवणला चाललंय, एक गाडी पुण्याहून, एक ठाण्याहून आणि काका-काकू रेल्वेने. गूगल मॅप्सवर सगळ्यांची मिळून एक यादी केलीये, पण वहिनीने टाकलेल्या पिना माझ्या फोनवर दिसतच नाहीयेत. ज्यांनी हे नीट जमवलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा प्लीज, बारीकसारीक पण चालेल.

घाटमाथा: वहिनींच्या फोनवर आधी एक बघा, पिनेच्या जागी हिरवा झेंडा दिसतोय का? तसं असेल तर ती जागा तुमच्या यादीत गेलेलीच नाही, ती त्यांच्या स्वतःच्या `Want to go` मध्ये पडलीये. सेव्ह दाबल्यावर याद्यांची नावं येतात ना, तिथे घाईत वरचं कुठलंतरी टिक होतं आणि ते बाकी कुणालाच दिसत नाही. आमच्याकडे मेव्हणीने रात्र जागून खाण्याची ठिकाणं जमवली आणि सगळी तिच्या एकटीच्याच मॅपवर राहिली. उपाय सोपा आहे, तीच जागा परत उघडायची, सेव्हवर जायचं, ट्रिपच्या यादीवर टिक करायचं. आम्ही यादीला होडीचा इमोजी लावलाय, त्यामुळे होडी दिसली की सगळ्यांची आणि झेंडा दिसला की ज्याचा त्याचा, हे आईलाही लगेच कळतं.

दुसरं म्हणजे लिंक. नुसती बघण्याची लिंक पाठवली तर समोरच्याला यादी दिसते पण भर घालता येत नाही, एडिटची परवानगी यादीच्या मालकाने वेगळी द्यावी लागते. आणि ती लिंक ज्याच्या हातात जाईल तो जागा काढूही शकतो, म्हणून मोठ्या ग्रुपवर टाकू नका.

पाटीलकाका६०: आम्ही तर व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन टाकतो, आठ तासांचं. सगळे कुठे आहेत ते दिसतं. यादीची काय गरज?

घाटमाथा: काका, त्यात माणूस कुठे आहे ते कळतं, दुपारी जेवायला कुठे थांबायचंय ते नाही. प्रवासात दोन्ही लागतं.

सुरमईफ्राय: नावांवर लक्ष ठेवा!! आमच्या यादीत कुणीतरी देवबाग टाकलं आणि ते निघालं कारवारचं. मालवणजवळचं देवबाग वेगळं, तारकर्लीच्या पुढे, कर्ली नदी समुद्राला मिळते ते. पिन टाकली की झूम आउट करून एकदा बघायचं, सगळ्या पिनांचा घोळका सोडून एखादी लांब दिसली की समजायचं. सिंधुदुर्गचंही तेच, किल्ला मालवणच्या समुद्रात, त्याच नावाचं रेल्वे स्टेशन ओरोसला आणि विमानतळ चिपीला, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्या काकांना नुसतं "सिंधुदुर्ग" पाठवू नका, स्टेशनची पिन वेगळी टाका.

आणि गाडीवाल्यांसाठी किल्ल्याची पिन नकोच, ती पाण्यात आहे. मालवणच्या जेटीची टाका, होड्या तिथूनच सुटतात. प्रत्येक जागेखाली नोट लिहिता येते, आमच्या जेटीच्या नोटेत होतं, "गाडी बाजाराच्या अलीकडे लावायची, आजीला जेटीपर्यंत रिक्षा, भरतीच्या वेळी होडीत चढताना हात धरा". तेवढं वाचून मागची गाडी आम्हाला फोन न करता थेट आली. किल्ला पावसाळ्यात बंद असतो, तुम्ही दिवाळीनंतर जाताय म्हणजे ठीक.

नेटवर्कनाही: यादी एकदा उघडून ठेवली की झालं, मग रेंज नसली तरी चालते. मी नेहमी तसंच करते.

घाटमाथा: अर्धं बरोबर आहे. उघडलेली यादी कधीकधी दिसते, पण त्यावर भरवसा ठेवून निघू नका. मालवण-कुडाळचा भाग ऑफलाइन मॅप म्हणून वेगळा डाउनलोड करावा लागतो, प्रत्येकाने आपल्या फोनवर, यादी शेअर केली म्हणून नकाशा येत नाही. गाडीचा रस्ता ऑफलाइन दाखवतो, चालत जायचा नाही. आणि तुम्ही वाटेत नवीन पिन टाकलीत तर मागच्या गाडीला रेंज आल्यावरच दिसणार.

मालवणीमसाला: झेंडाच निघाला! 🙏 वहिनीच्या फोनवर ऑफिसचं आणि घरचं अशी दोन अकाउंट आहेत, आता घरच्यावर येऊन परत टाकतेय. होमस्टेचं काय करायचं पण? मॅपवर त्याचं नावच नाहीये.

सुरमईफ्राय: मालकांकडून लोकेशन मागवा, त्या ठिकाणी बोट दाबून धरा, पिन पडली की यादीत टाका. नाव येणार नाही, आकडे दिसतील, म्हणून नोटेत नाव आणि खूण लिहा. तुम्ही लेबल दिलंत तर ते फक्त तुम्हालाच दिसतं.

नेटवर्कनाही: दिवसाप्रमाणे वेगवेगळ्या याद्या करता का कुणी? आमच्याकडे एकाच यादीत पिनांची गर्दी झाली आणि सासऱ्यांना आजचं कुठलं तेच कळेना.

घाटमाथा: मी नोटेच्या सुरुवातीला "दिवस १", "दिवस २" लिहितो. मॅपवर मात्र सगळ्या एकसारख्याच दिसतात, त्यावर मला काही सापडलेलं नाही.