मदत हवी आहे: बीपी वाढलंय, मीठ कमी करायला सांगितलंय, पण मी रोज पळतो, घामातून जातं त्याचं काय?

नेरुळकर_धावतो: वय 44, पाम बीचवर आठवड्यातून पाच दिवस पळतो, साधारण 50 मिनिटं, वजन ठीक, सिगरेट नाही. ऑफिसच्या चेकअपमध्ये बीपी 146/94 आलं, परत मोजलं तरी तेवढंच, डॉक्टरांनी टेल्मिसार्टन चालू केली आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणाले. आता आमच्याकडे इतका दमट उकाडा की पळून आलो की टीशर्ट पिळता येतो आणि टोपीवर पांढरे डाग पडतात, म्हणून रोज ओआरएसचं एक मोठं पाकीट लिटरभर पाण्यात घालून पितो. भाजीत वरून मीठ घेत नाही, पापडपण तळलेला बंद करून भाजलेला घेतो. मग अजून कुठून कमी करू? आणि कमी केलं तर पळताना चक्कर येणार नाही ना?

घणसोलीचा_गणेश: चक्कर येते म्हणजे बीपी लो झालंय, लिंबूसरबतात चिमूटभर मीठ टाकून घ्या लगेच, माझ्या आईला पण हाच त्रास होता.

नेरुळकर_धावतो: अहो हाय आहे हो, लो नाही. चक्कर अजून आलेली नाही, येईल का विचारतोय.

सुगरण_ठाणे: साधं मीठ बंद करून सैंधव वापरा, आम्ही दोन वर्षं तेच वापरतो. आणि पाकिटातलं फरसाण बंदच करा, खरं मीठ तिथे असतं.

डाएट_वाली_ताई: फरसाणाचं बरोबर, सैंधवाचं नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, रंग फक्त वेगळा. उलट पुष्कळदा आयोडिन नसतं.

नेरुळकर, तुमचा हिशोब बघू. मोठ्या ओआरएस पाकिटात लिटरला साधारण 1700 मिग्रॅ सोडियम असतं, म्हणजे चार ग्रॅमच्या वर मीठ, कारण सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं. पाच ग्रॅमातले चार तर नाश्त्याआधीच संपले! ते जुलाबासाठी बनवलंय हो, पाऊण तासाच्या पळण्यासाठी नाही. एकदा पळायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, मधे प्यायलेलं पाणी त्यात धरा. 700 ग्रॅम कमी झालं तर साधारण तेवढाच घाम गेला, त्यात सोडियम माणसागणिक खूप बदलतं पण बहुतेकांचं लिटरला अर्धा ते एक ग्रॅमच्या आसपास, ते जेवणातूनच भरून निघतं. तुमच्या टोपीवर डाग पडतात म्हणजे तुमचा घाम जरा खारट असेल, तरी 50 मिनिटांना साधं पाणी पुरेल. लाँग रनचा विषय वेगळा.

भाजल्याने पापडातलं तेल कमी होतं, मीठ नाही. शिवाय पापडखारातही सोडियमच. उडदाचा एक पापड साधारण 200 मिग्रॅ धरा, दोन घेतले की एक ग्रॅम मीठ. घरच्या लोणच्यात किलोभर कैरीला दीड-दोनशे ग्रॅम मीठ घालतोच आपण, म्हणजे चमचाभर खारासकट घेतलं की दीड ग्रॅमच्या आसपास. आणि शेवेच्या पाकिटावर 30 ग्रॅमचा आकडा वाचून खूश होऊ नका, वाटी भरली की दुप्पट खाल्लेली असते 🙂

घरातलं मीठ मोजायची सोपी ट्रिक, किलोची पिशवी उघडली की त्यावर तारीख लिहा. चार माणसांत महिन्यात संपली तर माणशी रोज आठ ग्रॅम, लोणचं पापड सोडून!

नेरुळकर_धावतो: आमची महिन्याच्या आतच संपते 😐 आम्ही चौघंच, म्हणजे वरून न घेऊन काहीच झालं नाही. ओआरएस उद्यापासून बंद. बायको म्हणतेय लो सोडियमवालं मीठ आणू का?

डाएट_वाली_ताई: नको, थांबा! त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टनने पोटॅशियम आधीच वर जाऊ शकतं, किडनीचं काही असेल तर जास्तच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून मग ठरवा. त्याऐवजी भाजीत मीठ दर आठवड्याला थोडं उतरवा, जीभ काही आठवड्यांत सरावते, पोरंही ओरडणार नाहीत.

येऊरचा_ट्रेकर: माझं थोडं वेगळं आहे, माझ्या गोळीत क्लोरथॅलिडोन पण आहे, मी मीठ एकदम तोडलं आणि येऊरला चढताना डोळ्यापुढे अंधारी आली. मग ताई काय म्हणतात, मीठ वाढवू?

डाएट_वाली_ताई: तुमच्या गोळीने सोडियम लघवीतून जातं, वर घाम, वर मीठ तोडलेलं, तिन्ही एकत्र. स्वतःहून वाढवू पण नका, सोडियम पोटॅशियमची रक्ततपासणी आणि गोळीचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्या. नुसतं पाणी ढोसत राहणं पण चुकीचं, त्याने सोडियम अजून पातळ होतं.

सुगरण_ठाणे: लोणचं पूर्ण बंद का मग? वर्षाचं घालून ठेवलंय हो.

डाएट_वाली_ताई: फोड घ्या, खार बरणीतच राहू द्या. पण एक फोड!

नेरुळकर_धावतो: बीपी कधी मोजू? पळून आल्यावर 128 दाखवतं.

डाएट_वाली_ताई: पळल्यावर काही तास खालीच असतं, त्यावर जाऊ नका. सकाळी पळायच्या आणि गोळीच्या आधी, चहा घ्यायचा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसून दोनदा मोजा.

नेरुळकर_धावतो: ओके. पुढच्या महिन्यात 21 किमी आहे, त्यात काय प्यायचं ते अजून कळलं नाहीये, तिथल्या टेबलवर इलेक्ट्रोलाइट असतंच, कुणी बीपीच्या गोळीवर हाफ पळालंय का?