मदत हवी आहे: जादा पगाराची वसुली ढोबळ रकमेवर की हातात आलेल्या रकमेवर?

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कारखान्यात कायम कामगार आहे. वेतनवाढ नोंदवताना हिशेब विभागाची चूक झाल्याने आठ महिने माझे मूळ वेतन दरमहा 2,500 रुपयांनी जास्त लागले. आता ती चूक ध्यानात आल्यावर 20,000 रुपये चार हप्त्यांत, म्हणजे दरमहा 5,000 रुपये, पगारातून कापण्याचे तोंडी सांगितले असून पहिला हप्ता कापलाही गेला आहे.

जादा वेतनाचे समायोजन कायद्याला मान्य आहे, आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या आतच बसतात, त्यामुळे वसुलीलाच माझी हरकत नाही. अडचण रकमेची आहे. माझे मूळ वेतन 15,000 रुपयांच्या आत असल्याने त्या 2,500 रुपयांवर 12 टक्क्यांनी 300 रुपये भविष्य निर्वाह निधीत गेले. हातात आले ते 2,200, म्हणजे आठ महिन्यांचे 17,600 रुपये. उरलेल्या 2,400 रुपयांचे काय, याचे उत्तर मनुष्यबळ विभागाने तोंडीही दिलेले नाही. पगारपत्रकात तर नुसते 'इतर कपात' एवढेच आहे.

युनियन नाही, आणि संबंध बिघडवायचे नाहीत. लेखी अर्जात महिनावार तक्ता, निधीच्या वर्गणीचे समायोजन आणि आठ हप्ते मागण्याचा विचार आहे. ढोबळ रक्कम कापायची असल्यास जादा गेलेली वर्गणी पुढील वर्गणीत वळती करून दाखवा, असे मी मागू शकतो का, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा हप्ता थांबवण्याची विनंती त्याच अर्जात करावी की स्वतंत्र?