मदत हवी आहे: फोनवर आई ओळखतात, समोर आली की तोतया म्हणतात

डोक्याला मार लागल्यापासून बाबा आईकडे बघून म्हणतात, "दिसते अगदी तिच्यासारखी, पण ही ती नव्हे." तीच आई दुसऱ्या खोलीतून फोनवर बोलली की मात्र नेहमीसारख्या गप्पा मारतात. डॉक्टरांनी कॅपग्रास सिंड्रोम सांगितलंय.

एलिस आणि यंग या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलं, की यात चेहरा ओळखला जातो, पण त्याबरोबर येणारी आपलेपणाची भावना उमटत नाही. भावना उमटली की किंचित घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता वाढते; पुढे अशा रुग्णांची ती मोजली, तर ओळखीच्या चेहऱ्यालाही ती फारशी वाढत नव्हती. आवाजाची वाट वेगळी, म्हणून फोनवर आई आईच राहते. इथपर्यंत पटतं.

अडतं ते पुढे. मेंदूच्या पुढच्या भागात, खाली मध्यावर इजा झालेल्या काही रुग्णांतही हा प्रतिसाद येत नाही, तरी ते कुणाला तोतया म्हणत नाहीत. मग बाबांची खात्री कशामुळे टिकते? मेंदूच्या उजव्या पुढच्या, म्हणजे फ्रंटल भागात होणारी समजुतींची पडताळणी बिघडते, हे स्पष्टीकरण कितपत भक्कम आहे? त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे कोणत्या चाचण्या मागाव्यात?

आणि आईने आधी बाहेरून हाक मारून, बोलत बोलतच आत यावं का? कुणी करून पाहिलंय? ती फार खचली आहे.