मदत हवी आहे: ७ वर्षे ६ महिने २९ दिवसांची ग्रॅच्युइटी १,३३,००० होते का?

हिशेबात_कच्चा

नमस्कार. पुण्यातल्या एका खाजगी कार्यालयात नोकरी होती, साधारण ६० माणसं. रुजू ३ एप्रिल २०१८, राजीनाम्यानंतर शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर २०२५. शेवटचा पगार असा: बेसिक ३८,०००, घरभाडे भत्ता १५,२००, स्पेशल अलाउन्स १८,८००, एकूण ७२,०००. महागाई भत्ता वेगळा नव्हता.

एचआरने पाठवलेल्या फुल अँड फायनलच्या कागदात दोन ओळी आहेत:

```
ग्रॅच्युइटी : ३८,००० × १५/३० × ७ = १,३३,०००
रजा         : ३८,०००/३० × ३०    =   ३८,०००
```

शिल्लक अर्जित रजा ५२ दिवस होती. रजेच्या पैशांवर टीडीएसही कापलाय. वर्षं ७च का, असं विचारलं तर "पूर्ण वर्षंच धरतात, शिवाय २०२१ मध्ये तुमची ६२ दिवसांची बिनपगारी रजा आहे" असं उत्तर आलं. ती रजा मंजूर होती, तसा मेल माझ्याकडे आहे. आता डिसेंबर सुरू झाला, पैसे अजून आलेले नाहीत. सही करू का?

कोकणकडा_७

ग्रॅच्युइटी तुमच्या सीटीसीत आधीच दाखवलेली असते. ऑफर लेटर बघा, बेसिकच्या ४.८१ टक्के. दर महिन्याचे ते आकडे जमवा, तीच तुमची रक्कम.

वहीखाते

कोकणकडा, ४.८१ टक्के बरोबर आहे, कारण १५ भागिले २६ भागिले १२ केलं की तेवढंच येतं. पण ती कंपनीची तरतूद झाली. २०१८ साली बेसिक २२,००० असेल तर त्या वर्षाची तरतूद २२,०००वर झालेली असते. देताना मात्र सगळ्या वर्षांना शेवटचा बेसिक लावायचा. महिन्यांचे आकडे जमवले तर रक्कम हमखास कमी येते.

आता मूळ प्रश्न. एचआरचं सूत्र हवेतून आलेलं नाही, दुसऱ्याच खणातलं उचललंय. ज्या आस्थापनांना ग्रॅच्युइटी कायदा लागू नाही, त्यांच्या माणसांना आयकरात किती सूट द्यायची याचा नियम आहे: अर्धा महिना पगार गुणिले पूर्ण झालेली वर्षं, वरचे महिने सोडून द्यायचे. ३८,०००चं अर्ध १९,०००, गुणिले ७, झाले १,३३,०००. आकडा तंतोतंत जुळतोय, म्हणजे चूक कुठली ते कळलं. तुमच्याकडे १० पेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे १९७२चा कायदा लागू. त्यात भागाकार २६ने होतो, कारण महिन्यातले रविवार सोडून कामाचे दिवस धरलेत. आणि सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष मोजायचा.

३ एप्रिल २०१८ ते २ एप्रिल २०२५ ही ७ वर्षं. पुढे २ ऑक्टोबरला सहा महिने भरले आणि वर २९ दिवस उरले. म्हणून ८ वर्षं.

```
३८,००० ÷ २६ × १५ × ८ = १,७५,३८५
```

फरक ४२,३८५ रुपये. ३० सप्टेंबरला सोडली असतीत तर सहा महिने भरले नसते आणि ७च वर्षं धरली गेली असती, हे इतर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तारीख टाकताना आठवडा इकडचा तिकडे झाला की एक वर्ष जातं.

बिनपगारी रजेचं कारण टिकत नाही. मंजूर रजेने सेवा खंडित होत नाही, पगारी असो वा नसो. परवानगीशिवायची गैरहजेरीसुद्धा खंड ठरवायची तर तसा रीतसर आदेश काढलेला लागतो. तो मेल जपून ठेवा.

घाटमाथा

माझी ४ वर्षं १० महिने झालीत, पाचव्या वर्षात २४० दिवस भरले. मलाही मिळेल ना?

वहीखाते

धागा पाच वर्षांच्या पुढच्या माणसाचा आहे, पण असो. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तर पाच वर्षं पूर्ण धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. बऱ्याच कंपन्या तो मानतात, काही अडून बसतात. दोन महिने थांबणं जमत असेल तर थांबा, भांडण वाचेल.

पगारपत्रक

रजेचं मी बघतो. इथे ग्रॅच्युइटीइतकी सरळ रेघ नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत ३० लिहिलं असलं तरी ४५ मागायला जागा आहे. उरलेले ७ दिवस साधारण बुडाले समजा. अपवाद एकच, तुम्ही वेळेत रजा मागितली आणि त्यांनी नाकारली असेल. तसा मेल शोधा.

मात्र तुमचं पद काय होतं? व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या कामावर असाल तर त्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही, मग पुस्तिकेतलंच चालतं. ग्रॅच्युइटीला ही अट नाही, मॅनेजरलाही मिळते.

दर ३०ने की २६ने, यावर वाद होतो. बेसिकवर ४५ दिवसांचे ३०ने ५७,००० आणि २६ने ६५,७६९. नेमणूकपत्रात काही नसेल तर मी आधी २६ने मागेन, पण ५७,००० मिळाले तर त्यावरून ताणणार नाही.

टीडीएस मात्र चुकलाय. नोकरी चालू असताना रजा विकली तर कर लागतो. सोडताना मिळालेल्या पैशांना सूट आहे, राजीनामा दिला तरी. मर्यादा चार: हाती आलेली रक्कम, सरासरी मासिक पगाराच्या दहापट, वर्षाला ३० दिवसांच्या हिशेबाने शिल्लक रजेचा पगार, आणि आयुष्यभरात मिळून २५ लाख. यातलं सर्वांत कमी ते करमुक्त. तुमच्या बाबतीत पहिलीच रक्कम सर्वांत लहान, म्हणजे सगळी सुटते. एचआरने सुधारलं नाही तर विवरणपत्रात सूट दाखवून परतावा घ्या. ग्रॅच्युइटीही २० लाखांच्या आत असल्याने करमुक्तच.

हिशेबात_कच्चा

पद सिनिअर एक्झिक्युटिव्ह, हाताखाली कुणी नव्हतं. नवीन कामगार संहितेचं ५० टक्क्यांचं काय? त्याने वाढतील का?

वहीखाते

संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तुम्ही ३१ ऑक्टोबरला बाहेर पडलात. जुनाच हिशेब. आणि लागू असती तरी काही वाढलं नसतं: भत्ते ३४,००० आहेत, एकूण पगाराचा अर्धा भाग ३६,०००. भत्ते अर्ध्याच्या वर गेले तरच जादाची रक्कम बेसिकला मिळवायची असते.

घाटमाथा

माझं बेसिक ३०,००० आणि भत्ते ५०,०००. म्हणजे १०,००० वाढून ४०,०००? आणि ते जुन्या वर्षांनाही लावायचं?

वहीखाते

४०,००० बरोबर. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर असते, म्हणून माझ्या मते सगळ्या वर्षांना तोच दर.

पगारपत्रक

मला ते इतकं स्वच्छ वाटत नाही. कंपन्या नोव्हेंबरच्या आधीची वर्षं जुन्या बेसिकवर मोजायचा प्रयत्न करतील. यावर निकाल येईपर्यंत ताणाताणी होणार.

वहीखाते

होईल ताणाताणी. धागाकर्ते, तुम्ही सही करू नका. करावीच लागली तर "रकमेबाबत आक्षेप राखून" असं हाताने लिहून करा. फॉर्म आय भरून ८ वर्षांच्या हिशेबासह ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, तुमची मुदत ३० नोव्हेंबरलाच गेली, म्हणून पुढच्या दिवसांचं १० टक्के सरळ व्याजही मागा. १,७५,३८५वर महिन्याला साधारण १,४६२ रुपये होतात. उत्तर आलं नाही तर नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे फॉर्म एन. तो ९० दिवसांच्या आत करायचा असतो, एचआरच्या "बघतो"वर महिने घालवू नका.

हिशेबात_कच्चा

फॉर्म आय आज रात्री भरतो. रजा नाकारल्याचा २०२४चा एक मेल सापडला, पण मी तेव्हा दहाच दिवस आधी अर्ज केला होता. चालेल का?

पगारपत्रक

कायद्यात पंधरा दिवस आधी अर्ज म्हटलंय. मागा, पण त्या ७ दिवसांवर भिस्त ठेवू नका.