मदत हवी आहे: लॉजवर ओळखपत्राची झेरॉक्स आणि सीसीटीव्ही, पाटीचा मजकूर तपासून द्या

बारा_खोल्या: छोटं लॉज आहे. काल एक पाहुणा झेरॉक्स देईना, "हिचं पुढे काय करता ते लेखी दाखवा" म्हणाला. मी लिहिलंय: "सुरक्षेच्या कारणास्तव ओळखपत्राची प्रत घेतली जाईल व चित्रीकरण होईल. येथे राहणे म्हणजे संमती समजली जाईल." पुरे ना? उद्या छापायला द्यायचंय.

निवांत: पुरे. पाटी लावली की आपली जबाबदारी संपली.

खडूस_कारकून: संपत कसली? प्रती ठेवता कुठे, किती दिवस? कॅमेरे कुठे आहेत?

बारा_खोल्या: प्रती फायलीत. कॅमेरे काउंटर, जिना, दोन पॅसेज. फुटेज तीस दिवस.

तारतंत्र: तीस कशावरून? डिस्क केवढी?

बारा_खोल्या: 1 टीबी. बसवणारा म्हणाला होता.

तारतंत्र: चार कॅमेरे 2 एमबीपीएसवर सतत चालले तर दिवसाला 86 जीबी होतात. अकरा-साडेअकरा दिवसांत डिस्क भरते आणि जुनं आपोआप पुसलं जातं. प्लेबॅकमध्ये सर्वांत जुनी तारीख बघा. काउंटरच्या कॅमेऱ्याला माइक आहे का तेही.

शेजारपीडित: आमच्या शेजाऱ्याचा कॅमेरा थेट आमच्या दारावर आहे. त्यालाही अशी पाटी लावायला लावता येईल का?

खडूस_कारकून: वेगळा धागा काढा.

बारा_खोल्या: अकरा दिवसांपूर्वीचंच सापडलं. माइक चालू होता, बंद केला. आणि हो, रात्रपाळीचा मुलगा झेरॉक्स मशीन बंद असलं की मोबाइलवर फोटो काढतो.

खडूस_कारकून: हे आधी सांगायचं! ते फोटो गॅलरीतून, बॅकअपमधून पुसा, मगच "फक्त कपाटात" असं लिहा. "संमती" काढा. नाही म्हटलं तर खोली मिळणार नाही, मग ती संमती कसली? खरं कारण लिहा. दोन वेगळे परिच्छेद करा:

"पाहुण्यांची नोंद ठेवणे आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ओळखपत्राची प्रत घेतो. ती कुलूपबंद कपाटात राहते, फक्त व्यवस्थापक पाहतात. ___ दिवसांनी फाडून नष्ट करतो.

काउंटर, जिना व पॅसेजमध्ये कॅमेरे आहेत, खोल्यांत नाहीत. आवाज रेकॉर्ड होत नाही. चित्रण सुमारे 11 दिवसांत पुसले जाते. चोरी वा अपघात झाल्यास तेवढा भाग प्रकरण मिटेपर्यंत वेगळा ठेवतो. तुमची माहिती पाहायची वा दुरुस्त करायची असल्यास काउंटरवर लेखी अर्ज द्या."

तारतंत्र: "बंधनकारक" नोंद आहे की प्रत? कित्येक ठिकाणी रजिस्टरात लिहिलं की भागतं.

खडूस_कारकून: बरोबर. नियम फक्त नोंदीचा असेल तर ते वाक्य खोटं ठरेल. मग ओळखपत्र बघा, लिहा, परत द्या. प्रतच नको.

निवांत: एवढं लांबलचक वाचतो कोण?

खडूस_कारकून: कालच्या पाहुण्याने मागितलं ना? दारावर दोन ओळी, पूर्ण मजकूर काउंटरवर.

बारा_खोल्या: छपाई थांबवली. रिकाम्या जागी किती दिवस लिहू?

खडूस_कारकून: नोंदीच्या नियमात मुदत असेल ती. कुठला नियम लागतो ते अजून सांगितलं नाहीत.