मदत हवी आहे: बाबांच्या २४ तासांच्या लघवीतलं क्रिएटिनिन ३० टक्क्यांनी घटलंय. स्नायू खरंच इतके झिजले असतील का?

मृदगंध
नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे, वजन ६४ किलो. संधिवातासाठी काही महिन्यांपासून प्रेडनिसोलोन चालू आहे. स्टेरॉइडने स्नायू झिजू शकतात, म्हणून डॉक्टरांनी २४ तासांच्या लघवीतलं क्रिएटिनिन साधारण दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासायला सांगितलं होतं.

पहिल्या वेळी लघवी २००० मिलि भरली आणि क्रिएटिनिन १२०० मिग्रॅ आलं. दुसऱ्या वेळी लघवी १४०० मिलि, क्रिएटिनिन ८४० मिग्रॅ. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र दोन्ही वेळा ०.९. या काळात वजन दीड किलोने उतरलंय.

क्रिएटिनिनच्या ग्रॅमला १८.९ ने गुणून त्यात ४.१ मिळवले की स्नायूंचे किलो मिळतात, असं सूत्र वाचलं. त्याने आधी २६.८ किलो येतात आणि आता जेमतेम २०. दोन महिन्यांत सात किलो स्नायू गेले? बाबा जिना चढताना थोडे दमतात, पण ते आधीपासूनच. डॉक्टरांची वेळ अजून लांब आहे. तोवर गोळी कमी करावी का, या विचाराने झोप उडाली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

दंडबैठक
मृदगंध ताई, काळजी सोडा. क्रिएटिनिन स्नायूंमधूनच येतं. स्नायू घटले असते तर रक्तातला आकडाही खाली आला असता. तो ०.९ वरच आहे, म्हणजे स्नायू आहेत तिथेच आहेत. लघवीच्या तपासणीचा काही भरवसा नसतो, ती विसरा.

जीवरसायन
आधी महत्त्वाचं: प्रेडनिसोलोन स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

दंडबैठक यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्नायूंतल्या क्रिएटिनपैकी रोज पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भागाचं आपोआप क्रिएटिनिन होतं आणि ते मूत्रपिंडातून बाहेर जातं. म्हणून तर दिवसभरात किती बाहेर पडलं यावरून स्नायूंचा अंदाज येतो. पण रक्तातली पातळी किती बनतं आणि किती वेगाने बाहेर टाकलं जातं या दोन्हींवर ठरते. स्नायू आणि मूत्रपिंडाचं काम दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले, तर रक्तातला आकडा जागचा हलणार नाही.

तुमच्या आकड्यांवरून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती रक्तातलं क्रिएटिनिन साफ करतं ते, काढला तर पहिल्या वेळी मिनिटाला सुमारे ९३ मिलि येतो, दुसऱ्या वेळी ६५. म्हणजे एक तर स्नायू आणि मूत्रपिंड अगदी हातात हात घालून ३० टक्क्यांनी उतरले, नाही तर एका वेळची लघवी २४ तासांची नव्हती. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. दोन्ही वेळा लघवीचा दाटपणा तंतोतंत सारखा आहे, डेसिलिटरला ६० मिग्रॅ. बदललंय ते फक्त कॅनमध्ये किती भरलं ते. तेवढ्यावर हे सिद्ध होत नाही, पण शंका नक्की येते.

कॅनमध्ये पहिली लघवी कुठली घातली आणि शेवटची कुठली, हे बाबांना नेमकं विचारा. मधली एखादी सुटली का, विशेषतः शौचाला गेल्यावर, तेही विचारा.

सावली
माझ्या आईला लिव्हर सिरॉसिस आहे. तिचं २४ तासांचं क्रिएटिनिन ४१० मिग्रॅ आलं. मृदगंध यांच्या सूत्राने फक्त ११.८ किलो स्नायू! तिच्याही लघवीची मोजणी चुकली असेल का?

मृदगंध
बाबांना विचारलं. पहिल्या वेळच्या चिठ्ठीत 'सकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७' एवढंच होतं. त्यांनी ७ वाजता उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची ७ ची पण घातली. कॅनमध्ये घातलेल्या त्या पहिल्या लघवीच्या आधी रात्री १२ च्या सुमारास ते जाऊन आले होते. दुसऱ्या वेळी तपासणी वेगळ्या लॅबमध्ये केली, तिथे पहिली टाकून द्यायला सांगितलं होतं. त्या वेळी एकही सुटली नाही असं ते खात्रीने सांगतात.

आणखी एक, दोन तपासण्यांच्या मध्ये त्यांनी मांसाहार सोडलाय. त्याचा काही संबंध?

जीवरसायन
मग गफलत पहिल्या तपासणीत आहे. ७ वाजताची लघवी रात्री १२ पासून मूत्राशयात साठत होती. ती धरल्यामुळे कॅनमध्ये २४ नव्हे, ३१ तासांची लघवी जमली. १२०० चे २४ तासांपुरते केले की ९३० च्या आसपास येतात आणि क्लिअरन्स ७२ होतो. ९३० विरुद्ध ८४०, म्हणजे फरक जेमतेम १० टक्क्यांचा राहिला.

त्यातला काही भाग मांसाहाराचा असू शकतो. मांसात क्रिएटिन असतं आणि शिजवताना त्यातल्या काहीचं क्रिएटिनिन होतं, ते सरळ लघवीत उतरतं. तुम्ही वापरलेलं सूत्रही मांसाहार बंद ठेवून घेतलेल्या मोजमापांवरचं आहे, त्यामुळे पहिल्या आकड्याला ते तसंही नीट लागू नव्हतं. शिवाय आहार सारखा ठेवला तरी एकाच माणसाचा आकडा रोज काही टक्क्यांनी वरखाली होतो. ८४० ला भागिले ६२.५ म्हणजे किलोला १३.४ मिग्रॅ. या वयाच्या पुरुषाला ते थोडं कमी आहे, पण धक्कादायक नाही.

सावली, तुमच्या आईंच्या बाबतीत मोजणी बरोबर असूनही सूत्र फसू शकतं. क्रिएटिन बनण्याची शेवटची पायरी मुख्यतः यकृतात होते. सिरॉसिसमध्ये ते कमी बनतं, मग स्नायू असूनही त्यांत क्रिएटिन कमी राहतं आणि लघवीतला आकडा स्नायूंच्या मानाने जास्त घसरतो. सिरॉसिसमध्ये स्नायूही खरोखर झिजतात, त्यामुळे ४१० मधला किती वाटा कशाचा हे या तपासणीवरून वेगळं करता येणार नाही. त्यासाठी सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीला स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात. तिचा जुना स्कॅन असेल तर डॉक्टरांना त्यावरून काढता येतं का ते विचारा.

दंडबैठक
हे पटलं. पण एवढ्या भानगडीपेक्षा मूत्रपिंडासाठी सिस्टॅटिन सी ची रक्ततपासणी करून टाका ना. ते स्नायूंवर अवलंबून नसतं. मूत्रपिंड ठीक निघालं की प्रश्न मिटला.

जीवरसायन
एरवी मीही तेच सुचवलं असतं. पण स्टेरॉइडमुळे सिस्टॅटिन सी मूत्रपिंड ठणठणीत असतानाही वाढतं. बाबांच्या बाबतीत तो आकडा वर आला तर नवीन घाबरणं सुरू होईल.

मृदगंध, डॉक्टरांना विचारून तपासणी परत करा, शक्यतो सलग दोन-तीन दिवस. सकाळी ठरलेल्या वेळी लघवी करून ती टाकून द्यायची आणि घड्याळ बघून वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, भावना नसली तरी, मूत्राशय रिकामं करून ती शेवटची घालायची. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी धरायची. मांसाहार आधीच बंद आहे, तो तसाच ठेवा. रोजचे आकडे एकमेकांजवळ आले तर विश्वास ठेवता येईल.

मृदगंध
खूप आभार, जीव भांड्यात पडला. पण मग वजन दीड किलोने उतरलं ते कशाने? स्टेरॉइडने काहीच झिजलं नाही असं धरू का?

जीवरसायन
तसं धरू नका. दीड-दोन किलो स्नायू खरंच गेले असले तरी ते या आकड्यांच्या चढउतारात लपून जातील. या सूत्रातली चूकही काही किलोंची असू शकते. स्टेरॉइडचा मार बहुधा मांड्या आणि खांद्यांवर आधी बसतो. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला बाबांना किती सेकंद लागतात ते मोजा आणि दर दोन आठवड्यांनी परत मोजा. वेळ वाढत गेली तर डॉक्टरांच्या पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

मृदगंध
आत्ताच मोजलं, १४ सेकंद. लिहून ठेवते. नवीन रिपोर्ट आले की इथेच टाकेन.