मदत हवी आहे: ओईईमध्ये परफॉर्मन्स ११३ टक्के येतोय

भोसरीकर
सीएनसी टर्निंग, एक मशीन, एक पार्ट. जेवण-चहा वगळून शिफ्टचे ४६० मिनिटं. डाउनटाइम रजिस्टरमध्ये ९२ मिनिटं. ५२० पीस निघाले, १३ रिजेक्ट. सायकल टाइम ४८ सेकंद. अव्हेलेबिलिटी ८०, क्वालिटी ९७.५, पण परफॉर्मन्स ११३! तिघांचा गुणाकार, म्हणजे ओईई, ८८ येतो. उद्या रिव्ह्यू आहे. चूक कुठे?

चाकण_लाइन२
१०० च्या वर गेला की १०० च धरायचा. आम्ही तसंच करतो, शीटमध्ये मिनचा फॉर्म्युला लावलाय.

जुना_आयई
तसं केलं तर ७८ दिसतील आणि चूक गाडली जाईल. ४८ सेकंद आले कुठून? कोटेशनमधून?

भोसरीकर
हो, कोटेशनच्या शीटमधून.

जुना_आयई
मग त्यात अलाउन्स धरलेला असणार. मशीनपाशी उभं राहून स्टॉपवॉच लावा. दरवाजा बंद ते पुढच्या पीसचा दरवाजा बंद, असे सलग २० पीस मोजा आणि न अडखळता वारंवार येणारी सर्वांत कमी वेळ घ्या. चुकून एखादाच लवकर झालेला पीस धरू नका.

भोसरीकर
मोजलं. ४० सेकंद. परफॉर्मन्स ९४, ओईई ७३.५. साहेबांना कसं सांगू हा प्रश्नच आहे.

जुना_आयई
९४ सुद्धा मला जास्त वाटतो. टर्निंगला चिप्स काढायला माणूस थांबतोच. रजिस्टरमधल्या वेळा टाका इथे.

भोसरीकर
इन्सर्ट बदल ११:१० ते ११:३०, क्वालिटी अप्रूव्हल ११:१२ ते ११:३०. बाकी बहुतेक १०, १५, २० अशाच नोंदी.

जुना_आयई
सापडलं. मशीन एकदाच थांबलं, तुम्ही १८ मिनिटं दोनदा मोजली. खरा डाउनटाइम ७४. अव्हेलेबिलिटी ८४ होते, परफॉर्मन्स ९० वर येतो. ओईई मात्र ७३.५ च राहतो, कारण चालू वेळ एकीकडे वर आहे, दुसरीकडे खाली, ती कटते. म्हणून आधी हा ताळा करा:

```
=(C2-D2)*E2/60/B2
```

C2 एकूण पीस, D2 रिजेक्ट, E2 सेकंद, B2 ठरलेली मिनिटं. डाउनटाइम यात येतच नाही. तो चुकला तर तोटा फक्त चुकीच्या खात्यात बसतो. सायकल टाइम चुकला तर आकडाच खोटा. आणि गोल आकड्यांच्या नोंदी शिफ्ट संपताना आठवून लिहिलेल्या असतात, त्यांवर फार विसंबू नका.

पिंपरी_शॉपफ्लोर
आमच्याकडे तीन मशीनची लाइन आहे. तिघांची सरासरी घेतो, चालेल ना?

जुना_आयई
नाही. जे मशीन लाइन अडवतं त्याचा सायकल टाइम आणि लाइनच्या शेवटी निघालेले चांगले पीस घ्या.

चाकण_लाइन२
पण इन्सर्ट बदल ठरलेलाच असतो ना? तो ४६० मधूनच वजा करायला हवा.

जुना_आयई
मी करणार नाही, वजा केला की तो कमी करायचं कोणी बघत नाही. कस्टमरची शीट वेगळं सांगत असेल तर तिथे तसं भरा.

चाकण_लाइन२
आमच्या कस्टमरची सांगते.

भोसरीकर
१३ पैकी ५ पीस रीवर्क होऊन पास झाले. ते चांगल्यात धरू?